कार्यपत्रिका पाठवताना अनुस्वार हरवू नये म्हणून : पीडीएफ, पीएनजी की जेपीजी?



कार्यपत्रिका तयार करणं आता आपल्यापैकी बहुतेकांना जमतं. वर्ड आहे, कॅनव्हा आहे, मोबाईलवरही सगळं होतं. आपल्या स्क्रीनवर पान सुंदर दिसतं. पण तेच पान वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं की अक्षरं धूसर होतात, मोठं करून पाहिलं की फुटतात. कधी उलट होतं. अक्षरं नीट असतात, पण फाईल इतकी जड असते की अर्धे पालक ती डाउनलोडच करत नाहीत.

इंग्रजी अक्षर थोडं धूसर झालं तरी ओळखता येतं. आपल्या देवनागरीचं तसं नाही. 'ब' आणि 'व' यांच्यात फरक फक्त पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात शिरोरेषा कुठे तुटते आणि वळण कसं येतं एवढाच फरक. 'चिता' आणि 'चिंता' यांच्यात एक टिंब. मोठा माणूस संदर्भाने वाचून घेतो. दुसरीतलं मूल मात्र अजून अक्षर-अक्षर जुळवत असतं. त्याला जे दिसतं, तेच ते वाचतं आणि तेच वहीत लिहितं. दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवरून फिरत आलेलं एक पान हातात घेऊन एका आजींनी मला विचारलं होतं, "बाई, हे 'वदक' म्हंजे काय हो?" पानावर बदकच होतं, पण पोटातली रेघ वाटेत कुठेतरी पुसली गेली होती.

म्हणून या लेखात एकच गोष्ट नीट पाहूया. पान तयार झाल्यावर ते कोणत्या प्रकारात सेव्ह करायचं आणि किती दाबायचं, म्हणजे अक्षर शाबूत राहील आणि फाईलही हलकी होईल. यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. इयत्ता दुसरी, विषय मराठी, 'अनुस्वाराचे शब्द', ए-फोर आकाराची दोन पानं. त्यात पंख, शंख, पतंग आणि रंगपेटी असे मोबाईलने काढलेले चार फोटो, आणि बाकी सगळा मजकूर १२ पॉइंटमध्ये.

अक्षर दोन प्रकारे साठवलं जातं

आधी हे समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पहिला प्रकार म्हणजे अक्षर 'अक्षर' म्हणूनच साठवणं. वर्डमधून थेट पीडीएफ केली, तर त्या फाईलमध्ये 'पंख' हा शब्द कुठे आहे, किती मोठा आहे आणि त्या फॉन्टमधल्या अक्षरांची बाह्यरेषा कशी वळते, याची माहिती असते. पालकाने पान दुप्पट मोठं केलं तर फोन ते अक्षर दुप्पट मोठं करून नव्याने काढतो. कितीही मोठं करा, कडा धारदारच राहते.

दुसरा प्रकार म्हणजे अक्षराचं 'चित्र' साठवणं. पीएनजी आणि जेपीजी या फाईली चित्राच्या. त्यात 'पंख' हा शब्द नसतो, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची जाळी असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. रांगोळीच्या ठिपक्यांसारखंच समजा. ठिपके जितके कमी, तितकी नक्षी ढोबळ. मोठं करून पाहिलं की नवीन ठिपके येत नाहीत, असलेलेच मोठे होतात.

यातून एक सोपा नियम निघतो. पालक जे पान मोठं करून वाचणार आहेत किंवा झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेणार आहेत, ते पीडीएफमध्ये पाठवा. जे ग्रुपवर समोर दिसताक्षणी वाचायचं आहे, ते चित्र करून पाठवा, पण ते चित्र फोनच्या मापाचं असू द्या. आपली कार्यपत्रिका पहिल्या गटातली आहे. 'उद्या शाळा सकाळची आहे' ही सूचना दुसऱ्या गटातली.

फोटो म्हणून पाठवलं की काय होतं?

समजा आपण कार्यपत्रिकेची पानं चित्र म्हणून सेव्ह केली. छपाईच्या दर्जाने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, ए-फोर पान २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं. हे चित्र उत्तम असतं. आता ते गॅलरीतून नेहमीसारखं फोटो म्हणून ग्रुपवर टाकलं.

इथे व्हॉट्सॲप दोन कामं करतं आणि आपल्याला विचारत नाही. पहिलं, चित्र लहान करतं. नेहमीच्या दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास आणली जाते. म्हणजे आपलं २४८० × ३५०८ चं पान पालकांकडे साधारण ११३१ × १६०० चं होऊन पोचतं. दुसरं, ते चित्र जेपीजी म्हणून पुन्हा दाबलं जातं. तुम्ही पीएनजी पाठवली असली तरी पलीकडे जेपीजीच निघते.

आता थोडं गणित करू. ए-फोर पानाची उंची ११.७ इंच. १६०० भागिले ११.७, म्हणजे एका इंचात साधारण १३७ ठिपके उरले. १२ पॉइंटचं अक्षर म्हणजे एक इंचाचा सहावा भाग. म्हणजे वेलांटी, मात्रा, उकार सगळं धरून एका ओळीतल्या अक्षराला उभ्या दिशेत जेमतेम २३ ठिपके मिळाले. अनुस्वाराचं टिंब अक्षराच्या उंचीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं असतं. म्हणजे त्याच्या वाट्याला आले दोन ठिपके. ज्या गोष्टीचा धडा आहे, ती गोष्ट दोन ठिपक्यांवर टांगलेली!

फोटो पाठवताना वर HD असं बटण दिसतं. ते निवडलं तर चित्र कमी लहान केलं जातं आणि फरक नक्की दिसतो. पण दाबणं थांबत नाही. फोटो HD मध्ये गेला तरी तो मूळ फाईल नसतो, हे लक्षात असू द्या.

जेपीजी अक्षरांशी असं का वागते?

जेपीजी हा प्रकार फोटोंसाठी बनवला आहे. तो चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले बारीक बदल गाळून टाकतो. आभाळ, चेहरा, भिंत यांत रंग हळूहळू बदलत जातो, त्यामुळे बारीक बदल गाळले तरी डोळ्याला कळत नाही. म्हणून फोटो खूप हलका होऊनही छान दिसतो.

अक्षराचं मात्र उलट असतं. तिथे पांढऱ्यावरून एकदम काळा, आणि काळ्यावरून एकदम पांढरा. हा एकदम होणारा बदल म्हणजेच जेपीजी जे गाळते ते. गाळल्यावर अक्षराच्या भोवती राखाडी धूळ उडाल्यासारखी दिसते. जेपीजीचं पान मोठं करून एखाद्या 'क्ष' किंवा 'ष्ट' शेजारी पाहा, माशा घोंगावल्यासारखे ठिपके दिसतील. अनुस्वाराचं दोन ठिपक्यांचं टिंब या धुळीत मिसळून जातं.

आणखी एक गोष्ट आपल्या सवयीशी जोडलेली आहे. अनुस्वार मुलांच्या लक्षात यावा म्हणून आपण तो लाल रंगात करतो. वर्गात, फळ्यावर ते योग्यच आहे. पण जेपीजी बहुतेक वेळा रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवते. उजेड-अंधार पूर्ण बारकाईने, रंग मात्र दर चार ठिपक्यांमागे एक. त्यामुळे काळं बारीक टिंब एक वेळ तग धरतं, पण लाल बारीक टिंब फिकट गुलाबी डाग होऊन जातं. निळ्या पट्टीवर लाल अक्षरं असतील तर कडा अजूनच लिबलिबीत होतात. म्हणजे जे ठळक करायला गेलो, तेच सगळ्यात आधी पुसलं गेलं.

पीएनजी हा प्रकार काहीही गाळत नाही. सारखे रंग जिथे सलग आहेत तिथे 'एवढे ठिपके पांढरे' असं थोडक्यात लिहून ठेवते. म्हणून नुसता मजकूर, चौकटी आणि साधी रेखाचित्रं असतील तर पीएनजी धारदारही असते आणि हलकीही. पण त्यात मोबाईलने काढलेले फोटो घातले की थोडक्यात लिहिण्यासारखं काही उरत नाही आणि फाईल कित्येक एमबीची होते. म्हणून चित्र करायचं असेल तर : मजकूर जास्त असेल तेव्हा पीएनजी, फोटो जास्त असेल तेव्हा जेपीजी, पण दर्जाची पट्टी ८०-९० च्या खाली न नेता.

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सॲप शेवटी जेपीजी करणारच, मग पीएनजीचा उपयोग काय? उपयोग हा, की गाळणी एकदाच लागते. तुम्ही जेपीजी केली, मग व्हॉट्सॲपने केली, मग कुणीतरी स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर टाकला, असं प्रत्येक वेळी थोडं थोडं गाळलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं.

कार्यपत्रिकेसाठी पीडीएफ, पण खरी पीडीएफ

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. दोन पानी कार्यपत्रिका, जी काही पालक छापून घेणार आहेत. तिच्यासाठी पीडीएफ, आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. पिनच्या खुणेवर दाबून Document निवडलं की व्हॉट्सॲप फाईलला हात लावत नाही. जशी आहे तशी पोचवतं. डॉक्युमेंटची मर्यादा २ जीबी आहे, त्यामुळे 'बसत नाही' हा प्रश्नच येत नाही. खरी मर्यादा पालकांच्या डेटा पॅकची आणि भरलेल्या फोनची असते. तिच्याकडे नंतर येऊ.

वर्डमध्ये Save As मध्ये जाऊन प्रकार PDF निवडा. कॅनव्हामध्ये Share, मग Download, आणि File type मध्ये PDF Standard. तिथेच खाली Flatten PDF अशी एक चौकट असते. ती रिकामीच ठेवा. ती टिकमार्क केली की अख्खं पान एक चित्र होतं आणि अक्षर 'अक्षर' राहत नाही. बाहेरून फाईल पीडीएफच दिसते, आत मात्र ठिपके.

हेच इतर मार्गांनीही होतं. पानाचा स्क्रीनशॉट काढून त्याची पीडीएफ केली, छापलेलं पान स्कॅन ॲपने टिपून पीडीएफ केली, किंवा जेपीजी चित्रं जोडून पीडीएफ केली, तरी आत चित्रच असतं. नाव पीडीएफ असलं म्हणून अक्षर वाचत नाही.

ओळखायचं कसं? पीडीएफ फोनवर उघडा आणि जमेल तितकी मोठी करा, इतकी की एकच शब्द स्क्रीनभर दिसेल. कड गुळगुळीत असेल तर खरी पीडीएफ. कडेला पायऱ्या किंवा धूसरपणा दिसला तर आत चित्र आहे. काही जण मजकूर सिलेक्ट होतो का ते पाहतात, तेही चालेल. मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्यावर वेलांट्या इकडेतिकडे होतात, त्याची काळजी करू नका. त्याचा दिसण्याशी संबंध नाही.

"मग वर्डची फाईलच पाठवली तर?" असा प्रश्न एका सहकारी सरांनी विचारला होता. वर्डच्या फाईलमध्ये सहसा फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. पालकांच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसेल तर फोन आपल्या मनाचा फॉन्ट लावतो. ओळी सरकतात, जोडी जुळवाचे दोन रकाने एकमेकांत घुसतात. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल तर 'पंख' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफमध्ये लागणारी अक्षरं फाईलच्या पोटातच भरलेली असतात. म्हणून जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिकाही पीडीएफ करून पाठवली तर नीट दिसते.

फाईल जड होते ती अक्षरांमुळे नाही

आता वजनाकडे. दोन पानांचा नुसता मजकूर, फॉन्टसकट, पीडीएफमध्ये शेदोनशे केबीत मावतो. फाईल १४ एमबीची झाली असेल तर वजन चार फोटोंचं आहे. म्हणून दाबायचं ते फोटो, अक्षरं नाहीत.

फोटो किती मोठा लागतो ते मोजून पाहू. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो आणि साधारण साडेतीन एमबीचा. असे चार म्हणजे १४ एमबी. आपल्या पानावर प्रत्येक फोटोची जागा आहे ८ × ६ सेंटीमीटर. ८ सेंटीमीटर म्हणजे ३.१५ इंच. झेरॉक्सच्या दुकानातल्या छपाईला एका इंचात १५० ठिपके पुरेसे होतात. ३.१५ गुणिले १५०, म्हणजे साधारण ४७२ पिक्सेल. तर लागतात ४७२ × ३५४, आणि आपण भरलेत ४००० × ३०००. गरजेच्या सुमारे ७२ पट ठिपके आपण पालकांच्या डेटावर पाठवत होतो, आणि ते कुणाला दिसणारही नव्हते.

वर्डमध्ये कोपरा ओढून फोटो लहान केला म्हणजे तो हलका झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. फोटो फक्त लहान दिसतो, आत पूर्ण आकारातच राहू शकतो. क्रॉप केलेला भागही आत तसाच असतो. पंखाचा फोटो कापताना बाजूला उभं असलेलं मूल कापून टाकलं, तरी ते फाईलमध्ये असू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

संगणकावरच्या वर्डमध्ये उपाय असा. आधी फाईलची एक प्रत दुसऱ्या नावाने सेव्ह करा, कारण हे काम मागे फिरवता येत नाही. मग प्रतीतल्या एका फोटोवर क्लिक करा. वर Picture Format येईल, त्यात Compress Pictures निवडा. Apply only to this picture ची टिक काढा, म्हणजे चारही फोटोंना लागू होईल. Delete cropped areas of pictures ची टिक राहू द्या. खाली Web (150 ppi) निवडा आणि OK करा. आता पीडीएफ करा. प्रत्येक फोटो काही दहा केबींवर येतो आणि सगळी फाईल साधारण अर्ध्या एमबीच्या आत बसते. अक्षरांना धक्काही लागलेला नसतो.

त्याच यादीत E-mail (96 ppi) असंही असतं. नुसतं फोनवर पाहायचं असेल तर ते चालतं, पण छापल्यावर फोटोतली शंखावरची नक्षी ढोबळ दिसते. दीडशेवर थांबलेलं बरं.

कॅनव्हामध्ये हे ठरवायला वेगळी पट्टी शोधावी लागत नाही. PDF Print निवडलं तर फोटो एका इंचात ३०० ठिपक्यांच्या हिशोबाने जातात आणि PDF Standard निवडलं तर ९६ च्या हिशोबाने. अक्षरं दोन्हीत सारखीच धारदार असतात. म्हणून ग्रुपसाठी Standard, आणि वार्षिक अंकासाठी किंवा वर्गात लावायच्या तक्त्यासाठी Print.

पीडीएफ लहान करून देणाऱ्या वेबसाइटही असतात. त्या वापरायच्या असतील तर दोन गोष्टी पाहा. सगळ्यात जास्त दाबण्याचा पर्याय निवडला की काही ठिकाणी पानाचं चित्र करून टाकलं जातं, म्हणून परत आलेली फाईल वर सांगितल्याप्रमाणे मोठी करून तपासा. आणि मुलांची नावं, गुण, फोटो असलेली फाईल अशा अनोळखी ठिकाणी चढवू नका. मुळातच फोटो लहान करून पीडीएफ केली तर या वाटेला जावंच लागत नाही.

ग्रुपवर समोर दिसायला हवं तेव्हा

सगळे पालक पीडीएफ उघडत नाहीत. कुणाकडे ती उघडणारं ॲप नसतं, कुणाला ते दाबायचं असतं हे माहीत नसतं. सूचना, आजचा शब्द, पाच ओळींचं गाणं यासाठी चित्रच बरं. फक्त ए-फोर पान चित्र करून पाठवू नका. फोनची रुंदी साधारण सात सेंटीमीटर, ए-फोरची २१. म्हणजे पान एक तृतीयांश होऊन दिसतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं. औषधाच्या पट्टीवरच्या बारीक अक्षरांसारखं.

त्याऐवजी सुरुवातच १०८० × १३५० पिक्सेलच्या पानाने करा. कॅनव्हामध्ये नवीन डिझाइन घेताना Custom size मध्ये हे आकडे घालता येतात. लांब बाजू १६०० च्या आत असल्यामुळे व्हॉट्सॲपला ते लहान करायचं कारण उरत नाही. एक संकट तिथेच टळतं.

अक्षर किती मोठं हवं, हे ओळीवरून ठरवा. एका ओळीत २० ते २५ अक्षरांपेक्षा जास्त बसत असतील तर अक्षर लहान आहे. या मापात एका अक्षराला साधारण ५० ठिपक्यांची उंची मिळते आणि अनुस्वाराला पाचाच्या आसपास. दोनाऐवजी पाच ठिपके मिळाले की टिंब जेपीजीतूनही वाचतं. फॉन्ट थोडा जाड घ्या. बारीक रेघांचे आणि हस्ताक्षरासारखे फॉन्ट इथे टाळा. पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या पार्श्वभूमीवर काळं किंवा गडद निळं अक्षर ठेवा. लाल रंग हवाच असेल तर टिंबाला न देता पूर्ण शब्दाला गडद लाल द्या, किंवा शब्दामागे फिकट पट्टी घाला आणि शब्द काळाच ठेवा.

हे पान पीएनजी म्हणून सेव्ह करा आणि HD निवडून पाठवा. मजकूर एका पानात बसत नसेल तर अक्षर लहान न करता दोन चित्रं करा. आपल्या कार्यपत्रिकेचं पहिलं पान असं चित्रात आणायचं ठरवलं तर तीन-चार चित्रं होतील, आणि तोच इशारा समजा, की हे काम पीडीएफचं आहे.

दोन्ही एकत्रही करता येतं. कार्यपत्रिका पीडीएफमध्ये, आणि तिच्या खाली एक साधं चित्र : 'अनुस्वाराचे शब्द. वरची फाईल दाबून उघडा. छापायची असल्यास हीच फाईल दुकानात पाठवा.' ही शेवटची ओळ महत्त्वाची. नाहीतर पालक उघडलेल्या पीडीएफचा स्क्रीनशॉट काढून झेरॉक्सवाल्या दादांना पाठवतात, आणि सगळी मेहनत परत ठिपक्यांत जाते.

जिथे हे उपाय पुरत नाहीत

पाठ्यपुस्तकाचं टिपलेलं पान, जुनी छापील प्रश्नपत्रिका, फळ्याचा फोटो. इथे अक्षर मुळातच चित्र आहे. त्याची पीडीएफ केली तरी अक्षर धारदार होत नाही. फक्त ती डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर व्हॉट्सॲपची गाळणी चुकते, एवढाच फायदा. अशा वेळी टिपतानाच काळजी घ्यावी लागते. भरपूर उजेड, फोन पानाला समांतर, आणि स्कॅन ॲपमध्ये काळं-पांढरं किंवा करडं निवडा. पण पूर्ण काळं-पांढरं केल्यावर अनुस्वार, नुक्ता आणि पूर्णविरामाची टिंबं उडाली नाहीत ना, हे मूळ पानाशी ताडून पाहा. उडाली असतील तर करडं ठेवा.

मजकूर चार ओळींचाच असेल तर सरळ पुन्हा टाईप केलेला बरा. ज्या चित्रात अनुस्वार दोन ठिपक्यांचा झाला आहे, त्यातून तो कोणताही प्रकार परत आणू शकत नाही. म्हणूनच मूळ संपादन करता येणारी फाईल, वर्डची असो वा कॅनव्हाची, कधीही पुसू नका. पुढच्या वर्षी दुरुस्ती करायची तर ती त्या फाईलमध्ये करायची आणि पीडीएफ नव्याने काढायची. ग्रुपवरून परत उतरवलेल्या चित्रात दुरुस्ती करायची नाही.

पाठवण्यापूर्वी दोन मिनिटांची तपासणी

व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच संदेश पाठवता येतो. फाईल आधी तिथे टाका. चित्र असेल तर पाठवलेलं चित्र दुसऱ्या एखाद्या फोनवर, म्हणजे घरातल्या किंवा सहकाऱ्याच्या फोनवर उतरवा आणि त्याचे तपशील पाहा. गॅलरीत चित्राच्या माहितीत पिक्सेलचे आकडे दिसतात. १०८० × १३५० तसेच असतील तर चित्र लहान झालेलं नाही. आकडे घटलेले असतील तर ॲपची मर्यादा बदलली आहे असं समजून पान तेवढ्या मापाचं करा.

पीडीएफ असेल तर तिचा आकार नावाखालीच लिहिलेला दिसतो. दोन पानांना एक-दोन एमबीपेक्षा जास्त दाखवत असेल तर आत एखादा मोठा फोटो राहिला आहे.

मग पानावरचा सगळ्यात अवघड शब्द शोधा. आपल्या कार्यपत्रिकेत तो 'रंगपेटी' किंवा 'चिंता' असेल, दुसऱ्या एखाद्या पानावर 'ऋतू' किंवा 'वृंदावन' असेल. फोन हातभर लांब धरा, मोठं न करता तो शब्द वाचा. नंतर मोठं करून टिंब, वेलांटी, ऋकार आणि 'ब'च्या पोटातली रेघ पाहा. ज्याने हे पान तयार केलेलं नाही, अशा कुणाकडून तरी ते वाचून घ्या, कारण आपल्याला शब्द आधीच माहीत असतो आणि डोळा नसलेलं टिंबही भरून घेतो. मुलाला ती सोय नाही. त्याला 'चिंता' वाचता आलं, की पान ग्रुपवर टाकायला हरकत नाही.